विडी सोडताना संध्याकाळची नोंद

विडी सोडलेल्या अनेकांचा दिवस कामात बरा जातो. खरी ओढ लागते ती दिवेलागणीला. हातपाय धुऊन ओट्यावर बसले, चहा आला, शेजारी येऊन टेकला, की हात आपसूक खिशाकडे जातो. वर्षानुवर्षे याच वेळी विडी पेटल्यामुळे ती जागा आणि ती सोबतच तलफ जागी करते.

यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. उठल्यापासून निजेपर्यंत एकही झुरका घेतला नाही, तर त्या तारखेवर फुली मारावी. शिवाय न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर व दिवेलागणीला तलफ किती होती ते दहापैकी आकड्यात लिहावे आणि त्या वेळी आपण कोठे होतो तेही लिहावे.

समजा, एकाच्या संध्याकाळच्या नोंदी अशा आहेत: पहिला दिवस 8, ओट्यावर, दुसरा 8, ओट्यावर, तिसरा 9, शेजाऱ्याकडे, चौथा 5, गोठ्यात धार काढताना. तिसऱ्या दिवसाचा 9 पाहून घाबरू नये. निकोटीन तुटल्याचा त्रास, म्हणजे चिडचिड, झोपमोड, बेचैनी, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो व साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चौथ्या दिवसाचा 5 मात्र वाट दाखवतो. या माणसाने काही आठवडे चहा गोठ्याचे काम आटोपल्यावर, घरातच घ्यावा.

तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांतच उतरतो. तेवढा वेळ काढण्यासाठी घरच्यांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी आणि विडीचे बंडल असायचे त्याच खिशात ठेवावी. चिठ्ठीत उपदेश नको, काम हवे. उदाहरणार्थ: “बाबा, आज चौथी फुली पडायची आहे. घोटघोट पाणी प्या, विहिरीपर्यंत चालून या. मी ओट्यावर वाट पाहते.”

एखादे दिवशी विडी ओढली गेली, तर त्या दिवशी फुली मारू नये. पण मागच्या फुल्या खोडूही नयेत. कोठे व कोणाबरोबर चुकले ते लिहून दुसऱ्या दिवशी पुढे चालावे. विडीऐवजी तंबाखू मळली किंवा मिश्री लावली, तर तो दिवस मोजू नये. निकोटीन तेच असते.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागत असेल, तर सवय खोलवर आहे असे समजावे. अशा माणसाला नुसते कॅलेंडर बहुधा पुरत नाही. त्याने डॉक्टरांना भेटून निकोटीनच्या गोळीविषयी विचारावे, किंवा 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. जाताना नोंदींचे पान सोबत न्यावे; कोणत्या वेळी आधार हवा, ते त्यावरून लगेच कळते.