नाव झुला, पण झुलतो कुठे?

नागपूरच्या रेल्वे स्टेशनजवळच्या उड्डाणपुलाचं नाव राम झुला. ऋषिकेशला गंगेवर पायी जायचा पूल आहे, त्याचंही नाव राम झुला. दोघांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं, खरा झुला एकच आहे.

ऋषिकेशच्या फोटोत एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर जाड केबल गेलेली दिसते, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधे खाली आलेली. तिला उभ्या तारा बांधल्यात आणि त्यांना पूल लटकलाय. हा सस्पेन्शन पूल. केबलची टोकं मनोऱ्यापाशी संपत नाहीत. ती मागे जाऊन काठावर जमिनीत पक्की रोवलेली असतात. फोटोत टोकं दिसली तर शंकाच उरत नाही.

नागपूरला झोळ कुठेच नाही. मनोऱ्यातून निघालेल्या तिरक्या केबल सरळ रस्त्याच्या कडेला येऊन पोचतात. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना तोलते, म्हणून काठावर वेगळा नांगर लागत नाही. हा केबल-स्टेड.

फोटोवर बोट ठेवून बघायचं. रस्त्यावरून निघालेल्या तारेवरून बोट वर न्या. ते थेट मनोऱ्याला लागलं तर केबल-स्टेड, वाटेत दुसरी लोंबती केबल भेटली तर सस्पेन्शन. राजमहेंद्रीच्या गोदावरीवरील 1997 च्या रेल्वे पुलाच्या फोटोत बोट कमानीला लागेल. तिथल्या उभ्या तारा बघून बरेच जण फसतात. पण केबल मधे खाली झुकते, कमान मधे वर चढते.

तारा नसल्याच तर रस्त्याखाली बघा. चिनाब पुलासारखी दोन्ही काठांच्या डोंगराला रेटत उभी असलेली कमान दिसली तर कमानीचा पूल. नुसतीच खांबांवर आडवी टाकलेली तुळई असेल तर तुळईचा, म्हणजे बीम पूल.

फोटो मात्र पुलाचा एखादाच तुकडा दाखवतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू 5.6 किलोमीटरचा, पण केबलचा भाग वांद्र्याकडे सुमारे 600 मीटर आणि वरळीकडे त्याहून लहान. बाकी सगळा खांबांवरचा बीम पूल. छायाचित्रकाराला मनोरेच हवे असतात, त्याला कोण काय करणार!

सगळ्यात चकवणारा न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल, 1883 चा. मनोऱ्याजवळचा फोटो घेतला तर तिरक्या तारांचं जाळं दिसतं आणि माणूस केबल-स्टेड म्हणून मोकळा होतो. जॉन रोब्लिंगने त्या तारा पूल वाऱ्याने हलू नये म्हणून जास्तीच्या घातल्या होत्या. मनोऱ्यापासून थोडं दूर, पुलाच्या मध्यावर बोट ठेवा. तिथे तिरकी तार पोचतच नाही. फक्त उभ्या तारा आणि त्यांच्यावर झोळ पडलेली जाड केबल. पूल सस्पेन्शनच.