६४ जीबीच्या कार्डात ५९ जीबीच का?

ऑनलाइन विक्रीच्या साइटवर मेमरी कार्डाखालचे अभिप्राय वाचले, तर एक तक्रार हमखास सापडते: ‘६४ जीबी म्हणून घेतलं, कॉम्प्युटरवर ५९ दिसतंय. फसवणूक!’ ही फसवणूक नाही, मोजमापातला फरक आहे.

कार्ड बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिचा एक जीबी साधारण १०७ कोटी ३७ लाख बाइटचा होतो. आता ६,४०० कोटींना १०७.३७ कोटींनी भागा. उत्तर येते ५९.६. कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात: बाइटचा लांबलचक आकडा ६४ अब्जांच्या आसपास आणि त्याच्या बाजूला ५९ च्या घरातले जीबी. ॲपलच्या मॅकवर २००९ पासून दशमान पद्धतीने मोजतात, म्हणून तेच कार्ड तिथे ६४ च्या जवळ दिसते. फायलींची नोंद ठेवायलाही थोडी जागा जाते, पण ती किरकोळ.

वेगाच्या बाबतीत मात्र जाहिरात खरोखर चलाखी करते. ‘१०० एमबी प्रति सेकंद’ असे ठळक छापलेले असते, तो बहुधा कार्ड वाचण्याचा वेग असतो, तोही ‘पर्यंत’ या शब्दाच्या आडोशाने. व्हिडिओ काढताना लागतो लिहिण्याचा वेग, आणि त्याची हमी कार्डावरच्या बारीक खुणांत असते. C मध्ये 10 किंवा U मध्ये 1 असेल, तर सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. U मध्ये 3 किंवा V30 असेल तर किमान ३०. कॅमेरा ४के चित्रीकरण १०० मेगाबिटने करत असेल, तर आठाने भागून सेकंदाला साडेबारा एमबी लिहावे लागतात. दहाची हमी तिथे अपुरी पडते. रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकते. अशा कामाला V30 घ्यावे. नुसते फोटो आणि गाणी ठेवायची असतील, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

खरी फसवणूक वेगळीच असते आणि ती कॉम्प्युटरवर दिसतही नाही. स्वस्तातल्या ‘१ टीबी’ पेन ड्राइव्हमध्ये चिप असते ३२ जीबीची, पण आतला कंट्रोलर खोटीच क्षमता सांगतो. सुरुवातीच्या फायली नीट उघडतात. खरी जागा संपली की पुढची माहिती हरवते किंवा जुनीवरच लिहिली जाते. फायलींची नावे दिसतात, पण फायली उघडत नाहीत. फॉरमॅट करून हे सुधारत नाही. h2testw हा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम रिकामा ड्राइव्ह काठोकाठ भरतो, मग सगळे परत वाचून ताडून पाहतो. मोठ्या ड्राइव्हला त्यात काही तास जातात. तरीही परत करण्याची मुदत संपण्याआधी ही तपासणी करा, आणि तोवर मूळ फोटो फोनमधून पुसू नका.