उधारी किती दिवसांत वसूल होते?

समजा, इचलकरंजीतल्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याची वर्षाची विक्री 48 लाखांची आहे. त्यातली 12 लाखांची रोखीने, बाकी 36 लाखांची उधारीवर. वर्षाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांकडून येणी 5 लाख होती, शेवटी 7 लाख. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की सरासरी येणी 6 लाख. उधार विक्रीला या आकड्याने भागले की 6 येतात. म्हणजे येणी वर्षातून सहा वेळा फिरली. हीच ऋणको उलाढाल. आता 365 दिवसांना 6 ने भागा: सरासरी वसुली सुमारे 61 दिवसांत.

व्यापाऱ्याने मुदत 45 दिवसांची दिली असेल, तर पैसे 16 दिवस उशिरा येत आहेत. आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. उधार विक्रीऐवजी एकूण 48 लाख धरले, तर उलाढाल 8 आणि वसुलीचा काळ 46 दिवस निघतो. सगळे आलबेल वाटते, आणि थकबाकी नजरेआड राहते. रोख विक्रीतून येणी तयारच होत नाहीत. म्हणून ती आधी वगळायलाच हवी.

शिवाय बुडीत कर्जाची तरतूद येण्यांतून वजा करू नका; ती वजा केली की वसुली उगाच वेगवान दिसते.

दुसरी अडचण सरासरीची. दिवाळीत उधारी फुगते आणि मार्चअखेर तगाद्याने उतरते. अशा धंद्यात दोन टोकांचे आकडे फसवतात. बारा महिनाअखेरच्या येण्यांची सरासरी घ्या.