सोळा आण्यांचा हिशेब आणि संगणकाचे अंक

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली आणि एक आणा अशी नाणी चलनात होती. या चार नाण्यांपैकी प्रत्येकी एकच नाणे जवळ असले, तरी एक ते पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम चुकती करता येत असे. चौदा आणे द्यावयाचे असल्यास अधेली, पावली आणि चवली द्यावी. आणा खिशातच राहू द्यावा. ‘दिले’ यासाठी 1 आणि ‘दिले नाही’ यासाठी 0 लिहिल्यास चौदाचे रूप 1110 असे होते. हीच द्विमान पद्धती होय. तिच्यातील स्थानिक किमती उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढतात.

षोडशमान पद्धतीत शून्य ते पंधरा या सोळा किमतींना प्रत्येकी एकच चिन्ह लागते. नऊपर्यंत आपले नेहमीचे अंक पुरतात. पुढे दहासाठी A, अकरासाठी B, याप्रमाणे पंधरासाठी F अशी अक्षरे घेतली जातात. (या पाठात भागाकाराची मांडणी वगळता दशमान संख्या देवनागरी अंकांत व इतर दोन पद्धतींतील संख्या इंग्रजी अंकांत दिल्या आहेत.)

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. तो षोडशमानात लिहिण्यासाठी सोळाने भागत जावे आणि प्रत्येक वेळची बाकी टिपून ठेवावी.

```
2350 ÷ 16 = 146   बाकी 14 (E)
 146 ÷ 16 =   9   बाकी 2
   9 ÷ 16 =   0   बाकी 9
```

पहिली बाकी ही एककाची असते, म्हणून बाक्या खालून वर वाचाव्यात. उत्तर 92E. येथेच पुष्कळांची गफलत होते. वरून खाली वाचल्यास E29 येते आणि त्याची किंमत ३६२५ भरते. म्हणून उलट पडताळा घ्यावा: ९ × २५६ + २ × १६ + १४ = २३५०. संगणकाच्या पडद्यावर हाच क्रमांक U+092E असा दिसतो.

द्विमान रूपासाठी पुन्हा दोनने बारा वेळा भागत बसण्याची गरज नाही. षोडशमानातील प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याची चार अंकी नाणेवारी लिहावी: 9 म्हणजे 1001, 2 म्हणजे 0010, E म्हणजे 1110. म्हणून ‘म’चे द्विमान रूप 1001 0010 1110. दोनसाठी केवळ 10 लिहून पुढे गेल्यास 1001101110 अशी दहा अंकी संख्या मिळते आणि तिची किंमत अवघी ६२२ होते. मधली शून्ये निरुपयोगी दिसतात, पण जागा धरून ठेवण्याचे काम तीच करतात. उलट दिशेने जाताना, म्हणजे द्विमानातून षोडशमानात येताना, चार-चार अंकांचे गट उजवीकडूनच पाडावेत.

द्विमान बेरजेत हातचा फार लवकर येतो, कारण 1 + 1 = 10. हातचा धरून तीन एक जमले, तर 11 होतात. त्यांतील 1 खाली लिहून 1 पुढे न्यावा. अकरा आणे आणि सात आणे मिळवून पाहू.

```
  1011
+ 0111
------
 10010
```

उजवीकडून पहिल्या घरात 1 + 1 म्हणजे 10. शून्य लिहिले, हातचा एक. दुसऱ्या घरात हातच्यासह तीन एक आले. 1 लिहिला, हातचा एक. तिसऱ्या व चौथ्या घरांत हातच्यासह दोन-दोन एक आहेत. दोन्हीकडे शून्य येते आणि शेवटचा हातचा डावीकडे नव्या घरात उतरतो. उत्तर १६ + २ = १८, म्हणजे एक रुपया दोन आणे. षोडशमानात ते 12 असे लिहितात. त्याला ‘बारा’ मात्र म्हणू नये, ‘एक-दोन’ असे वाचावे.

कागदावर डावीकडे हवे तेवढे घर वाढवता येते. संगणकाच्या बेरजेला घरे मोजूनच मिळतात. वरील बेरजेसाठी चारच घरे असती, तर रुपया गळून पडला असता आणि 0010, म्हणजे दोन आणे एवढेच उरले असते. आठ घरांच्या बाइटमध्ये सर्वांत मोठी संख्या २५५, म्हणजे 1111 1111 मावते. तीत एक मिळवताच आठही घरांत शून्य येते. बाहेर पडलेला हातचा बहुतेक प्रक्रियक एका स्वतंत्र बिटमध्ये नोंदवून ठेवतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने तो बिट पाहिला नाही, तर शून्य हेच खरे उत्तर समजून पुढचा सारा हिशेब चालू राहतो.