फोटोवरून रेखाचित्र
ड्रॉइंग टॅब्लेटवर चेहरा गिरवताना फोटो सर्वांत खालच्या लेयरवर ठेवून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत फिकट करतात आणि तो लेयर लॉक करतात. रेषा वरच्या कोऱ्या लेयरवर काढल्या जातात. हनुवटीची लांब रेषा हाताच्या कंपाने थरथरते. स्ट्रोक स्मूदिंग वाढवले की ती सफाईदार येते, मात्र पेनच्या मागे रेंगाळते. पापण्यांच्या कोपऱ्यात ते कमी करावे लागते, नाहीतर टोकदार कोपरा गोल होतो. बाह्यरेषा आणि हनुवटीखालची बाजू जाड, तर नाक-ओठांच्या रेषा बारीक ठेवतात. सगळ्या सारख्याच जाडीच्या असल्या की चेहरा सपाट दिसतो. अधूनमधून फोटोचा लेयर लपवून पाहिला, की सावलीची कड चुकून रेषा म्हणून गिरवली गेली असल्यास ती लगेच खटकते.