पाटी काढली, दुकान नाही

आमच्या घरातला मोबाइल तसा माझा. पण त्यात नातवाच्या मोटारींच्या शर्यती, सूनबाईंची शब्दकोडी आणि आमच्या सौ.चा पत्त्यांचा डाव असे सारे सुखाने नांदत होते. मोजले तर एकतीस खेळ भरले, पडद्याच्या चार पानांवर विखुरलेले! एका रविवारी मी आवराआवरीला बसलो.

पत्त्यांचे चित्र दाबून धरून वर ओढले, तेव्हा दोन शब्द उमटले : Remove आणि Uninstall. ‘काढायचेच आहे ना,’ म्हणून मी दुसऱ्यावर सोडले. मोबाइलने खात्री करून घेतली. मी होकार दिला. संध्याकाळी सौ.ची हाक आली, “अहो, माझे पत्ते कुठे गेले?” खेळ पुन्हा उतरवून घेतला, पण तो पहिल्या पायरीपासून सुरू झाला. दोन वर्षांत गाठलेली चारशेवी पायरी गेली ती गेलीच. तो खेळ आपला हिशेब फक्त मोबाइलमध्येच ठेवत होता.

मग नातवाने समजावले. पडद्यावरचे चित्र म्हणजे दुकानाची नुसती पाटी. Remove केले की पाटी उतरते, दुकान शाबूत राहते. पडद्यावर खालून वर बोट सरकवले की सर्व ॲपच्या यादीत ते सापडते. Uninstall म्हणजे वहीखात्यासकट दुकान पाडणे. काही मोबाइलमध्ये अशी यादी नसते. सारी चित्रे पडद्यावरच असतात. तिथे चित्र काढणे म्हणजे दुकान पाडणेच, हे आधी पाहून घ्यावे.

आता आम्ही एका चित्रावर दुसरे ओढून फोल्डर करतो. ‘कोडी’, ‘शर्यती’ अशी नावे दिली, तर कोणाला काही सापडेना. माणसांची नावे दिली, आणि चार पानांचे एक पान झाले. सूनबाईंच्या कोड्याचे विजेट मात्र चार चित्रांची जागा अडवत होते, ते काढले. त्याने खेळाला धक्का लागत नाही. शर्यतीचे चित्र दाबून धरले की छोटी यादी उघडते. त्यातली ‘रोजची शर्यत’ नातवाने ओढून वेगळी पडद्यावर ठेवली. अशी सोय प्रत्येक खेळात नसते.

एक मात्र ध्यानात ठेवावे : फोल्डरने पडदा मोकळा होतो, साठवणीची जागा नव्हे. त्या जागेसाठी सेटिंग्जमध्ये त्या खेळाच्या पानावर जावे. तिथे Clear cache निर्धास्त दाबावे. Clear storage दाबले तर पुन्हा पहिली पायरी! २०२४ साली आलेल्या अँड्रॉइड १५ मध्ये त्याच पानावर Archive मिळते. त्याने दुकान बंद होते, पण वही जपून राहते.

सौ. सध्या साठाव्या पायरीवर आहे. फोल्डरला तिने स्वतःच नाव दिले आहे : ‘हात लावू नये’.