दूध आणलं की नाही? ‘नीडन्ट हॅव’ आणि ‘डिडन्ट नीड टू’

रिकाम्या जागा भरताना सर्वांत जास्त गुण घालवणारा गैरसमज हा: ‘नीडन्ट हॅव’ आणि ‘डिडन्ट नीड टू’ या दोन्हींचा अर्थ ‘गरज नव्हती’, म्हणून कुठलंही लिहिलं तरी चालतं. आपण मराठीत दोन्ही ठिकाणी ‘गरज नव्हती’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हे खरंही वाटतं. पण इंग्रजीत त्या दोन वाक्यांमध्ये एका पिशवी दुधाचा फरक असतो.

घरात दूध होतं, तुम्हाला ते माहीत नव्हतं आणि येताना तुम्ही आणखी एक पिशवी घेऊन आलात. फ्रिज उघडल्यावर तुम्ही म्हणाल, ‘आय नीडन्ट हॅव बॉट मिल्क’. म्हणजे उगाच आणलं. आता समजा, वाटेतच घरून फोन आला की दूध आहे, आणि तुम्ही दुकानात न थांबता सरळ घरी आलात. मग वाक्य होतं ‘आय डिडन्ट नीड टू बाय मिल्क’. पहिल्या प्रसंगात गरज नसल्याचं काम उरकल्यावर कळलं, दुसऱ्यात आधीच कळलं. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्नातल्या माणसाने ती गोष्ट केली का आणि त्याला कधी कळलं, एवढं शोधायचं.

इथून दुसरा गैरसमज निघतो, आणि तो शिकवणीतल्या नोट्समध्येही सापडतो: ‘डिडन्ट नीड टू’ असेल तर काम झालेलंच नसतं. हे अर्धंच खरं आहे. हे रूप फक्त तेव्हा गरज नव्हती एवढंच सांगतं. काम झालं की नाही, हे पुढचं-मागचं वाक्य ठरवतं. बहुतेक वेळा झालेलं नसतं, हे मान्य. पण ‘आय डिडन्ट नीड टू गेट अप अर्ली, बट आय डिड’ हे बिनचूक इंग्रजी आहे. सुट्टी होती, ती आधीपासून माहीत होती, तरी सवयीने जाग आली. ‘नीडन्ट हॅव’ला मात्र ही सूट नाही. ते आलं की काम झालेलंच असतं.

हा उतारा सोडवून पाहू. ‘आय रॅन ऑल द वे टू द स्टेशन, बट द ट्रेन वॉज अ‍ॅन अवर लेट. आय ____ (हरी). माय अंकल मेट मी अ‍ॅट द अदर एन्ड विथ हिज कार, सो आय ____ (टेक) अ रिक्षा.’ पहिल्या जागेपाशी धावपळ होऊन गेली आहे आणि गाडीला उशीर असल्याचं नंतर समजलं, म्हणून ‘नीडन्ट हॅव हरीड’. दुसरीत मामा गाडी घेऊन समोर उभा आहे. त्या ‘सो’वर बोट ठेवा: आधी कारण, मग न केलेलं काम. उत्तर ‘डिडन्ट नीड टू टेक’. एवढं बरोबर ओळखूनही रूपात घात होतो तो वेगळाच. ‘नीडन्ट हॅव टुक’ किंवा ‘डिडन्ट नीडेड टू टेक’ लिहिलं की गुण गेला. ‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं. भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो, म्हणून ‘नीड’ला ‘एड’ लागत नाही.

वर्तमानकाळात गोंधळ अर्थाचा कमी, रूपाचा जास्त. ‘शी नीडन्ट कम’ पाहून मुलांना ‘एस’ राहिला असं वाटतं आणि ती ‘नीड्सन्ट’ करून ठेवतात. ‘नीडन्ट’मधलं ‘नीड’ हे ‘कॅन’ किंवा ‘मस्ट’सारखं चालतं, त्याला ना ‘एस’ लागतो ना पुढे ‘टू’. होकारार्थी वाक्यात मात्र ते साधं क्रियापद होतं: ‘शी नीड्स टू कम’. म्हणून जागेनंतर ‘टू’ छापलेला दिसला, तर ‘नीडन्ट’ बाद. तिथे ‘डझन्ट नीड’ किंवा ‘डिडन्ट नीड’ बसेल. आणि ‘यू नीडन्ट वेट’ म्हणजे ‘थांबू नकोस’ नव्हे. थांबायचं तर थांब, सक्ती नाही. मनाई करायची असेल तर ‘मस्टन्ट’.

‘शुडन्ट हॅव’ हा पर्याय यादीत असला की हुशार मुलंही अडखळतात. पाहुण्यांनी मिठाई आणली आणि घरात आधीच भरपूर होती, तर ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट स्वीट्स’. आजोबांना मधुमेह आहे हे माहीत असून कुणी त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा उघडला, तर तिथे ‘शुडन्ट हॅव’, कारण आता तक्रार आहे. दोन्हींत काम झालेलंच आहे, त्यामुळे निर्णय शेजारच्या वाक्यातल्या सुरावर होतो. तो सूर दाखवणारा शब्दच प्रश्नात नसेल, तर प्रश्न काढणाऱ्याचं चुकलं असं खुशाल समजावं.